नायकाची पहिली कृती

कथेच्या किंवा कादंबरीच्या पहिल्या परिच्छेदात मुख्य पात्राची ओळख दोन प्रकारे करून देता येते. एका प्रकारात लेखक पात्राला समोर उभे करतो आणि त्याचे वय, उंची, वर्ण, डोळे, केस, पोशाख असे एकेक सांगत जातो. दुसऱ्या प्रकारात पात्र काहीतरी करत असते आणि त्या करण्यावरूनच वाचक त्याला ओळखू लागतो. नवे लेखक बहुधा पहिला प्रकार निवडतात, कारण पात्राचा चेहरा त्यांच्या डोळ्यांपुढे स्पष्ट असतो आणि तो वाचकालाही दिसावा अशी त्यांची इच्छा असते. पण शब्दांनी रंगवलेला चेहरा वाचकाला क्वचितच दिसतो. त्यामागचे कारण जर्मन समीक्षक लेसिंग याने 1766 साली ‘लाओकोऑन’ या ग्रंथात मांडले आणि ते आजही पटते.

लेसिंगचे म्हणणे असे. चित्रात सगळे अवयव एकाच वेळी, एकमेकांशेजारी दिसतात. शब्द मात्र एकामागून एक येतात. कपाळ, भुवया, नाक, हनुवटी असे क्रमाने सांगितले तर हनुवटीपाशी पोहोचेपर्यंत कपाळ विसरले जाते आणि वाचकाला ते तुकडे स्वतःच जोडत बसावे लागते. कृती तशी नसते. तीही एकामागून एक अशा क्षणांनीच घडते, त्यामुळे शब्दांच्या चालीशी तिची चाल जुळते. होमरने हेलनच्या रूपाचे अवयववार वर्णन केलेले नाही, याकडे लेसिंग लक्ष वेधतो. ‘इलियड’च्या तिसऱ्या सर्गात हेलन तटाकडे येते तेव्हा तिथे बसलेले ट्रॉयचे म्हातारे आपसांत हळू आवाजात बोलू लागतात: अशा स्त्रीपायी दोन्ही बाजूंनी इतकी वर्षे हाल सोसले, यात नवल नाही; तरीही ती परत गेलेली बरी. युद्धाने पोळलेली माणसे असे बोलतात, म्हणजे ते रूप काय असेल हे ऐकणाऱ्याला कळते. डोळ्यांचा रंग सांगावा लागत नाही.

भारतीय परंपरेत मात्र अवयववार वर्णनाला मोठा मान होता. ‘कुमारसंभवा’च्या पहिल्या सर्गात पार्वतीच्या तारुण्याचे वर्णन पावलांपासून सुरू होऊन वर वर जाते. देवतेचे वर्णन पायांपासून आणि माणसाचे केसांपासून करावे, असा संकेतच होता. त्या काव्यात हे वर्णन शोभते, कारण तिथे ऐकणाऱ्याला कथा ठाऊक असते आणि प्रत्येक अवयवासाठी कवी कोणती नवी उपमा आणतो यातच त्याचा आनंद असतो. एकोणिसाव्या शतकातल्या ‘मुक्तामाला’ (1861), ‘मंजुघोषा’ (1868) यांसारख्या अद्भुतरम्य मराठी कादंबऱ्यांवर या अलंकारिक परंपरेची छाया होती. पण अनोळखी माणसाची गोष्ट सांगणाऱ्या गद्याची गरज वेगळी असते. तिथे वाचकाला पात्राबद्दल काहीच माहीत नसते. हा कोण, याला काय हवे आहे आणि आपण याच्यामागे पुढची तीनशे पाने का जायचे, हे त्याला हवे असते. गोरा वर्ण आणि सरळ नाक यांतून यातले काहीच कळत नाही.

कृतीतून ओळख म्हणजे नेमके काय, हे पाहण्यासाठी दस्तयेवस्कीच्या ‘गुन्हा आणि शिक्षा’ (1866) या कादंबरीचा आरंभ बारकाईने पाहण्यासारखा आहे. जुलैचा आरंभ, कमालीचा उकाडा, संध्याकाळची वेळ. एक तरुण आपल्या भाड्याच्या खोलीतून रस्त्यावर येतो आणि मन ठरत नसल्यासारखा संथपणे एका पुलाच्या दिशेने चालू लागतो. पहिला परिच्छेद एवढाच आहे. त्यात तरुणाचे नाव नाही, चेहरा नाही, कपडे नाहीत. आहे ते फक्त त्याचे चालणे, आणि त्या चालण्यातली चलबिचल.

पुढच्या काही ओळींत या चालण्याचा अर्थ लागू लागतो. जिन्यात घरमालकिणीची गाठ पडू नये म्हणून तो दबकत उतरला आहे आणि ते त्याला साधले आहे. त्याची खोली पाचमजली घराच्या अगदी छपराखाली, कपाटाएवढी. मालकीण एक मजला खाली राहते, तिच्या स्वयंपाकघराचे दार जिन्याकडे बहुतेक उघडेच असते आणि बाहेर जायचे तर त्या दारावरूनच जावे लागते. भाडे थकलेले आहे. तिने अडवले तर तगादा, तक्रारी, मग आपल्या सबबी आणि थापा हे सगळे आले. त्यापेक्षा मांजरासारखे निसटलेले बरे, असे त्याला वाटते. रस्त्यावर आल्यावर मात्र या भीतीचे त्याचे त्यालाच आश्चर्य वाटते. एवढे मोठे धाडस करायला निघालेला मनुष्य असल्या क्षुल्लक गोष्टीला घाबरतो, हा विचार त्याच्या मनात येतो. धाडस कोणते, हे दस्तयेवस्की सांगत नाही. पुढे कळते की हा तरुण सावकारीण म्हातारीचा खून करायच्या विचारात आहे आणि आज तो रंगीत तालीम करायला निघाला आहे.

जिना उतरणे ही अगदी किरकोळ कृती आहे, पण तीत पुढची सगळी कादंबरी लहान रूपात आली आहे. आपण सामान्य माणसांपेक्षा वेगळे आहोत, मोठ्या हेतूसाठी नियम मोडण्याचा आपल्याला अधिकार आहे, असे या तरुणाला स्वतःबद्दल सिद्ध करायचे आहे. आणि पहिल्याच पानावर तो थकलेल्या भाड्यापायी एका बाईला चुकवून पळतो. कल्पनेतला स्वतः आणि जिन्यातला स्वतः यांच्यातली ही दरी हाच कादंबरीचा विषय आहे. लेखकाने ती समजावून सांगितलेली नाही, जिन्यावरून उतरताना दाखवली आहे.

आता रूपाचे वर्णन कुठे येते ते पाहावे. रस्त्यावरच्या उकाड्याने आणि दुर्गंधीने तरुणाच्या चेहऱ्यावर किळस उमटते, आणि चेहऱ्याचा विषय निघालाच आहे तर जाता जाता सांगावे तसे दस्तयेवस्की एका वाक्यात उरकतो: तो देखणा होता, मध्यम उंचीपेक्षा जरा उंच, सडपातळ, काळ्याभोर डोळ्यांचा. तोवर वाचक त्याला आतून ओळखू लागलेला असतो, म्हणून हे तपशील वाऱ्यावर उडून जात नाहीत. ते ओळखीच्या माणसाला चिकटतात. कपड्यांची गोष्ट तर याहून पुढची आहे. तरुणाच्या डोक्यावर उंच, जुनी, भोके पडलेली टोपी आहे. गाडीतून जाणारा एक दारुडा तिच्याकडे बोट दाखवून मोठ्याने ओरडतो. तरुण दचकून टोपी धरतो. त्याला लाज वाटत नाही, भीती वाटते: अशी टोपी लोकांच्या लक्षात राहते आणि तीच पुरावा होऊ शकते. म्हणजे पोशाखाचे वर्णनसुद्धा कटाचा भाग बनून येते. आपल्या दारापासून म्हातारीच्या घरापर्यंत 730 पावले आहेत हे त्याला ठाऊक आहे, कारण त्याने ती मोजली आहेत. आणि नाव? रास्कोल्निकोव हे आडनाव वाचकाला प्रथम कळते ते म्हातारीच्या दारात, तो तिला स्वतःची ओळख करून देतो तेव्हा. नावदेखील कृतीच्या ओघात आले आहे.

कोणतीही हालचाल म्हणजे बोलकी कृती नव्हे. ॲरिस्टॉटलने ‘काव्यशास्त्रा’त चारित्र्याबद्दल जे सांगितले ते इथे उपयोगी पडते: माणूस काय निवडतो आणि काय टाळतो यातून त्याचे चारित्र्य दिसते. जिथे निवडीला वाव नाही तिथे ते दिसत नाही. पाऊस आला म्हणून छत्री उघडणारा माणूस वाचकाला काहीच सांगत नाही. छत्री असूनही ती न उघडता भिजत जाणारा काहीतरी सांगतो. म्हणून बोलक्या कृतीत दोन गोष्टी असाव्या लागतात. पात्रापुढे दुसरा मार्ग मोकळा होता हे वाचकाला दिसले पाहिजे, आणि पात्राने निवडलेल्या मार्गाची काहीतरी किंमत त्याला मोजावी लागली पाहिजे, मग ती किंमत कितीही लहान असो.

हेमिंग्वेच्या ‘द ओल्ड मॅन अँड द सी’ (1952) या लघुकादंबरीत ही किंमत पहिल्याच वाक्यात आकड्यात येते. पु. ल. देशपांडे यांनी ‘एका कोळियाने’ या नावाने ही कृती मराठीत आणली, त्यामुळे मराठी वाचकांना ती परिचयाची आहे. म्हातारा कोळी होडीतून एकटा मासेमारी करतो आणि 84 दिवसांत त्याला एकही मासा मिळालेला नाही. पहिले 40 दिवस एक मुलगा त्याच्याबरोबर होता. मग आईबापांनी मुलाला दुसऱ्या होडीवर धाडले. म्हातारा मात्र जातोच आहे. रोज पहाटे घरी राहण्याचा मार्ग त्याला मोकळा होता आणि 84 वेळा त्याने समुद्र निवडला. त्याचे रूप येते ते दुसऱ्या परिच्छेदात, आणि तिथेही जड मासे दोरीने ओढताना हातांवर पडलेले जुने व्रण हा त्यातला सर्वांत लक्षात राहणारा तपशील आहे. त्यातला एकही व्रण ताजा नाही. रूप म्हणून सांगितलेली ही गोष्ट खरे तर त्याच्या कामाची नोंद आहे. वर्णन करायचेच तर ते असे असावे.

हे तंत्र प्रत्यक्ष कसे वापरायचे, ते एका बनवलेल्या उदाहरणावरून पाहता येईल. समजा, एका लहान गावातल्या शिंप्याची गोष्ट लिहायची आहे. पहिला खर्डा बहुधा असा उतरेल:

रघुनाथ पन्नाशीचा होता. वर्ण सावळा, अंगकाठी किरकोळ, डोळ्यांवर जाड काचांचा चष्मा, ओठांवर पांढरट मिशी आणि गळ्यात सदैव टेप. तो मनाने प्रेमळ होता, पण एकदा कोणाबद्दल अढी बसली की ती जात नसे.

यात चूक काहीच नाही. पण सहा तपशील आणि दोन गुण वाचूनही वाचकाच्या हाती काही लागत नाही. प्रेमळ आणि अढी धरणारा हे लेखकाचे शब्द आहेत. ते मान्य करण्यापलीकडे वाचकाला काम उरलेले नाही. आता हाच माणूस कामाला लावला तर:

शाळा उघडायला चार दिवस उरले होते. मालक जेवायला गेल्यावर रघुनाथने तिसऱ्या पँटचे कापड फळीवर अंथरले, कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला आणि मोहरीच्या खुणेखाली चार बोटे माया ठेवून कात्री चालवली. दुकानाचे कापड असे आत दुमडून वाया घालवू नकोस, हे मालकाने कालच बजावले होते. पोराच्या आईने शिलाईचे पैसे दहा-दहाच्या नोटांत दोनदा मोजून दिले होते, आणि पोरगे पुढच्या जूनपर्यंत वाढणार होते. चौथे माप सरपंचाच्या मुलाचे निघाले. रघुनाथने खूण पुन्हा एकदा तपासली आणि दुमडीपुरते एक बोट सोडून कापड कापून टाकले.

दुसऱ्या परिच्छेदात प्रेमळ हा शब्द नाही, अढी हाही नाही. तरी दोन्ही गोष्टी कळतात, आणि त्या वाचकाने स्वतः ओळखलेल्या असल्यामुळे त्याच्या मनात टिकतात. मालकाची ताकीद आली म्हणून चार बोटे कापडाला किंमत आली. ती ताकीद काढली तर उरते फक्त एका शिंप्याचे रोजचे काम. चष्मा आला, पण कापड पाहायला तो लागतो म्हणून आला. आणि सगळ्यांत महत्त्वाचे चौथे माप. परिच्छेद तिसऱ्या पँटपाशी थांबला असता तर रघुनाथ नुसता भला माणूस ठरला असता, आणि नुसत्या भल्या माणसाविषयी वाचकाला फारसे कुतूहल वाटत नाही. सरपंचाच्या मुलाचे कापड वेगळे कापल्यामुळे प्रश्न उभा राहतो: सरपंचाने याचे काय केले आहे? तो प्रश्न वाचकाला दुसऱ्या पानावर नेतो. मुलाचा त्यात दोष नाही, हेही वाचकाला जाणवते, म्हणून रघुनाथबद्दलच्या आपुलकीत थोडी अस्वस्थता मिसळते. ही अस्वस्थता लेखकाने जपून ठेवावी. तिला उत्तर देण्याची घाई करू नये.

मात्र हा परिच्छेद कुठल्याही शिंप्याच्या गोष्टीला चालणार नाही. गोष्ट सरपंचाशी असलेल्या जुन्या वैराची असेल तर तो योग्य आहे. गोष्ट रघुनाथच्या मुलीच्या शिक्षणाची असेल आणि सरपंच पुन्हा कधी येणारच नसेल, तर हाच परिच्छेद वाचकाची फसवणूक ठरेल. पहिल्या परिच्छेदातली कृती हे एक वचन असते. म्हणून ती शोधताना सुरुवात शेवटाकडून करावी लागते: या पात्राला पुस्तकात सर्वांत अवघड निवड कोणती करावी लागणार आहे, हे आधी ठरवायचे, आणि तोच पेच रोजच्या कोणत्या लहानशा कामात दिसू शकेल ते पाहायचे. दस्तयेवस्कीला तो जिन्यात सापडला.

या तंत्रात चुका होतात त्या ठरावीक जागी. सर्वांत जास्त आढळणारा आरंभ म्हणजे पात्र सकाळी उठते, तोंड धुते आणि आरशात पाहते. दिसायला ही कृती आहे, पण आरसा आणला आहे तो रूपाची यादी देण्यासाठीच. शिवाय कोणीही माणूस आरशात पाहून आपले डोळे तपकिरी असल्याची नोंद घेत नाही; तो पिकलेला केस पाहतो किंवा दाढी राहिली आहे का ते पाहतो. दुसरी चूक उलट टोकाची. पाठलाग, अपघात, गोळीबार यांनी सुरुवात केली की धावपळ भरपूर होते, पण जीव वाचवायला पळणारा प्रत्येक माणूस सारखाच पळतो, त्यामुळे पात्र दिसत नाही. तिसरी चूक म्हणजे तयार साच्यातला चांगुलपणा: भटक्या कुत्र्याला बिस्किट घालणे, आंधळ्याला रस्ता ओलांडून देणे. असे करणारे पात्र चांगले आहे एवढेच कळते. ते कोण आहे हे कळत नाही. चौथी चूक अनुभवी लेखकांच्याही हातून होते. कृती नेमकी साधते आणि लगेच पुढच्या वाक्यात तिचा अर्थ सांगितला जातो. रघुनाथने चार बोटे माया ठेवली, कारण गरिबांबद्दल त्याला कळवळा होता, असे लिहिले की आधीचे सगळे वाक्य वाया गेले. ‘कारण’ या शब्दाने सुरू होणारे असे वाक्य पहिल्या परिच्छेदात आढळले तर ते खोडून परिच्छेद पुन्हा वाचावा. बहुतेक वेळा त्याची उणीव भासत नाही.

कृती खरोखर बोलकी आहे की नाही हे तपासायची एक सोपी कसोटी आहे. त्याच जागी, त्याच कामावर दुसरा माणूस बसवून पाहावा. त्यानेही अगदी तेच केले असते असे वाटले तर कृती पात्राची नाही, प्रसंगाची आहे. रघुनाथच्या जागी दुसरा शिंपी असता तर त्याने मालकाचे ऐकले असते, किंवा सगळीच कापडे सारखी कापली असती. म्हणून ती कृती रघुनाथची.

या पद्धतीला मर्यादाही आहेत, आणि त्या ओळखल्या नाहीत तर नियमाचे बंधन होते. काही गोष्टींत रूप हीच घटना असते. काफ्काच्या ‘मेटामॉर्फोसिस’मध्ये (1915) ग्रेगोर साम्सा सकाळी जागा होतो तो किड्याच्या शरीरात, आणि त्या शरीराचे वर्णन आरंभीच येते; ते टाळले तर गोष्टच उरणार नाही. पण तिथेही पात्राची ओळख पटते ती पुढच्या वागण्यातून. चारचा गजर लावलेला असून साडेसहा वाजले आहेत, पाचची गाडी चुकली आहे, आता पेढीवर काय सांगायचे, याची काळजी त्याला स्वतःच्या पाठीवरच्या कवचापेक्षा जास्त वाटते. असा माणूस नोकरीखाली किती दबलेला असेल हे एका पानात कळते.

मराठी घरांतल्या गोष्टींत आणखी एक प्रकार आढळतो. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात मुलीची उंची, वर्ण, केसांची लांबी यांची यादी होते, पण ती लेखक करत नसतो, पाहुणे करत असतात. तिथे यादी ही पाहुण्यांची कृती आहे आणि ती त्यांची ओळख करून देते. मुलीची ओळख तिला उठून चालून दाखवायला सांगितल्यावर ती काय करते यात असते. उठते, बसून राहते, की उठते आणि थेट आत निघून जाते? या तीन मुलींच्या तीन वेगळ्या कादंबऱ्या आहेत. मात्र वर्ण उजळ की सावळा, हे अशा गोष्टीत वाचकाला सांगावेच लागते, कारण त्यावर तिचे आयुष्य ठरवायला लोक जमलेले असतात. आत्मकथनाच्या रूपातल्या कादंबरीत तर बाह्य वर्णनाची अडचण आणखी वाढते. ‘मी’ स्वतःच्या नाकाडोळ्यांविषयी बोलू लागला की ते कृत्रिम वाटते. तिथे बोलण्याची तऱ्हा हीच पहिली कृती ठरते. भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’त (1963) पांडुरंग सांगवीकर आरंभी स्वतःचे नाव आणि वय थेट सांगून टाकतो, आणि तो कसा आहे हे कळते ते त्याच्या सांगण्याच्या ढंगातून.

अशी नेमकी कृती पहिल्या खर्ड्यात सहसा सापडत नाही, कारण तोवर लेखकालाही पात्र पुरते कळलेले नसते. दस्तयेवस्कीने ‘गुन्हा आणि शिक्षा’ आधी गुन्हेगाराच्या तोंडून, कबुलीजबाबाच्या रूपात लिहायला घेतली होती. 1865 च्या नोव्हेंबरअखेर त्याने तोवर लिहिलेले जाळून टाकले आणि तृतीयपुरुषी निवेदनात नव्याने सुरुवात केली. ज्या आरंभाची आज वाखाणणी होते तो या दुसऱ्या प्रयत्नातला आहे. कादंबरी लिहिणाऱ्याने म्हणून पहिल्या परिच्छेदापाशी अडून राहू नये. पात्राची शेवटची निवड लिहून झाली की मागे यावे, आरंभीच्या कृतीत त्याच निवडीचे बीज आहे का ते पाहावे, आणि नसेल तर तो परिच्छेद बिनदिक्कत काढून नवा लिहावा.